चौदा आठवड्यांच्या आत

अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बरला जॅक्सन प्रयोगशाळा आहे. तिथल्या फ्रीडमन, किंग आणि इलियट या संशोधकांनी कॉकर स्पॅनियल आणि बीगल जातीची पिल्लं आईसोबत, उंच कुंपणाच्या मैदानात वाढवली. खाणं कुंपणातल्या भोकातून आत जाई, त्यामुळे माणूस पिल्लांच्या दृष्टीसही पडत नसे. मग दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या आणि नवव्या आठवड्यात वेगवेगळी पिल्लं फक्त आठवडाभर माणसांत आणली आणि परत सोडली. काहींना चौदाव्या आठवड्यापर्यंत कुणी हातही लावला नाही.

१९६१ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष आजही थक्क करतात. तीन आठवड्यांची पिल्लं माणूस दिसताच जवळ आली. सात आठवड्यांची साधारण दोन दिवस बुजली आणि मग रुळली. हात न लावलेली मात्र रानटी जनावरासारखी पळू लागली; त्यातल्या एकाला पुढे तीन महिने माणसांनी खाऊ घातलं, कुरवाळलं, तरी ते जेमतेमच माणसाळलं.

याचं कारण मला फार मोलाचं वाटतं. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पिल्लाला दिसू-ऐकू लागतं आणि नव्या गोष्टीकडे ते बिनधास्त जातं. पाचव्या आठवड्यापासून भीती हळूहळू वाढते आणि बारा-चौदा आठवड्यांच्या सुमारास कुतूहलावर मात करते. त्याआधी जे पाहिलं ते आपलं, जे राहिलं ते संशयास्पद. ही वेळ जातीप्रमाणे थोडी पुढेमागे होते.

आपल्याकडे पिल्लू साधारण आठव्या आठवड्यात घरी येतं आणि ‘सगळ्या लशी होईपर्यंत बाहेर काढू नका’ असं सांगितलं जातं. पार्व्होची भीती खरीच आहे. आईच्या दुधातून आलेल्या प्रतिपिंडांमुळे लस कधी कधी निष्प्रभ ठरते, म्हणूनच सोळाव्या आठवड्यापर्यंत डोस चालतात. पण तोवर पिल्लू घरातच कोंडलं, तर नेमकी हीच वेळ निघून जाते. पशुवर्तनतज्ज्ञांची अमेरिकन संघटना सांगते, की पहिल्या डोसनंतर आठवडाभराने लस घेतलेल्या, निरोगी पिल्लांबरोबर, स्वच्छ जागी भेटीगाठी सुरू कराव्यात. रस्त्यावरची माती आणि अनोळखी कुत्र्यांची विष्ठा मात्र टाळायची.

म्हणजे काय करायचं? पिल्लाला कडेवर घेऊन सोसायटीच्या फाटकाशी उभं राहायचं. हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, काठी टेकत जाणारे आजोबा, रिक्षाचा हॉर्न, शाळेतून सुटलेली पोरं हे सगळं त्याला लांबून पाहू द्यायचं आणि प्रत्येक वेळी उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा द्यायचा. पाच-सात मिनिटं पुरेत. एरवी आवडीने खाणारं पिल्लू तुकडा नाकारू लागलं, शेपूट पायांत घातली, ओठ चाटू लागलं किंवा तोंड फिरवू लागलं, की समजायचं, हे फार झालं. तेव्हा ‘सवय होईल’ म्हणत तिथेच थांबवलं, तर सवय भीतीचीच लागते. दहा पावलं मागे जायचं. ते पुन्हा खाऊ लागलं, तर अंतर बरोबर आहे.