कंप्रेसरखाली रबर की स्प्रिंग?

पहिल्या मजल्यावरच्या गाळ्यात पट्ट्यावर चालणारा हवेचा कंप्रेसर बसवला की खालच्या गाळेवाल्याची तक्रार ठरलेली. मग चार रबर पॅड आणून पायांखाली सरकवले जातात आणि कधीकधी थरथर उलट वाढते. पॅड वाईट नसतो, त्या यंत्राला तो कडक पडतो.

गफलत बहुधा मोटरच्या पाटीवरून होते. तिच्यावर मिनिटाला १४४० फेरे लिहिलेले असतात. पण कंप्रेसरची पुली मोठी, म्हणून त्याचा दांडा समजा निम्म्या वेगाने, सेकंदाला १२ वेळा फिरतो. पिस्टनचा मुख्य धक्का याच गतीने बसतो.

आता यंत्र आपल्या आधारावर स्वतःहून किती वेगाने डोलेल ते पाहायचे. वजनाने आधार किती मिलिमीटर दबला ते पट्टीने मोजा आणि त्या आकड्याच्या वर्गमुळाने १५.८ ला भागा. रबर ३ मिमी दबले तर उत्तर सुमारे ९ येते. हलताना रबर आणखी कडक वागते, म्हणून १० धरू. मोटरच्या २४ शी ताडले तर धक्क्याचा जेमतेम पाचवा हिस्सा खाली जाईल असे वाटते. खऱ्या १२ शी ताडले तर दुपटीहून जास्त जातो! धक्क्याची गती डोलण्याच्या निदान १.४ पट असेल तेव्हाच आधाराचा उपयोग सुरू होतो. तिप्पट असली तर उत्तम.

तिप्पट म्हणजे डोलणे सेकंदाला ४, म्हणजे दबणे जवळपास १६ मिमी. पॅडचे हे काम नव्हे, इथे स्प्रिंगच हवी. यंत्र ८० किलोचे असेल तर प्रत्येक कोपऱ्यावर २० किलो. मिलिमीटरला सव्वा किलो घेणारी स्प्रिंग बघा. हिशेबाने आठवा हिस्साच खाली उतरतो. कोपऱ्यांवर वजन सारखे नसले तर यंत्र कलते, तेव्हा चारही स्प्रिंगांची उंची मोजून घ्यावी. चालू-बंद होताना यंत्र क्षणभर जोरात हिंदकळेल. पोलादातून बारीक गुणगुण खाली जाते, म्हणून स्प्रिंगखाली रबराची चकती हवीच.

मोजायला फोन पुरतो. कंपनाचा आलेख दाखवणारे ॲप उघडून फोन कव्हरविना लादीवर, यंत्राजवळ चिकटवा. यंत्रावरचे आणि लादीवरचे कंपन ताडण्याचा मोह टाळा, कारण त्यात लादीचा कडकपणाही मिसळतो. आधी यंत्र लादीला घट्ट बोल्ट करून आणि मग स्प्रिंगवर ठेवून, एकाच जागी, १२ च्या शिखराची उंची नोंदवा. समजा ०.४० ची ०.०६ झाली, तर गुणोत्तर ०.१५, हिशेबाच्या ०.१२५ च्या जवळच.

ते अर्ध्याच्या आसपास अडकले तर आधी स्प्रिंग बदलू नका. भिंतीकडे जाणारा लोखंडी पाइप सोडून तिथे रबरी होज लावा आणि पुन्हा मोजा.