शून्य रुपयांच्या ओळी आणि कामाचा वाटा

स्वतःच्या नावावरचा पोस्टपेड नंबर कंपनीच्या कामासाठी वापरणाऱ्यांना दर महिन्याला एक हिशेब करावा लागतो. बिलातले कामाचे किती, घरचे किती? पूर्वी हे सोपे होते. प्रत्येक कॉलला पैसे पडत, तपशीलवार बिलात प्रत्येक ओळीपुढे रक्कम असे आणि कामाच्या ओळींवर खुणा करून बेरीज केली की क्लेम तयार होई. आता रेंटल एकरकमी असते आणि देशांतर्गत कॉल त्यातच येतात. त्यामुळे तपशीलवार बिल उघडले की पानामागून पान एकच आकडा दिसतो, ०.००. मग एवढी यादी वाचायची कशाला, असा प्रश्न पडतो आणि बहुतेक जण बिलाच्या एकूण रकमेवर अंदाजाने टक्के लावून मोकळे होतात. या अंदाजात कधी कंपनीचे नुकसान होते, कधी आपले.

यादी वाचायची ती दोन कारणांसाठी. ज्या ओळीपुढे शून्याहून वेगळी रक्कम आहे, त्या ओळीवरून थेट रुपये कळतात. ज्या ओळींपुढे शून्य आहे, त्यांच्यावरून रुपये कळत नाहीत, पण प्रमाण कळते, आणि ते प्रमाण रेंटलला लावायचे असते. ही दोन कामे वेगळी ठेवली की सगळा हिशेब सुटसुटीत होतो.

एक काल्पनिक बिलच घेऊ. नाशिकमध्ये औद्योगिक पंप विकणाऱ्या कंपनीतला एक विक्री अभियंता आहे. बिलाचा कालावधी १२ जुलै ते ११ ऑगस्ट. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिले आहे, एकूण देय रक्कम २,१४७.६० रुपये. नजर सर्वांत आधी या आकड्यावर जाते, पण क्लेमसाठी तो पूर्णपणे बाजूला ठेवायचा. त्यात मागच्या महिन्याची न भरलेली ८८५ रुपयांची बाकी मिसळलेली आहे. तिचा क्लेम मागच्या बिलावर झालेला असेल, तर तीच रक्कम दुसऱ्यांदा मागितली जाईल. अकाउंट्स विभाग परत पाठवतो त्या क्लेमांमध्ये ही चूक हमखास असते. आपल्याला हवा तो आकडा ‘या महिन्याचे शुल्क’ हा. तो इथे १,२६२.६० रुपये आहे.

हे शुल्क कशाकशाचे बनले आहे ते पुढच्या पानावर मिळते. मुख्य नंबरचे रेंटल ६०० रुपये, त्यावर ५० रुपयांची सूट, म्हणजे ५५०. त्याच प्लॅनवर पत्नीचा जोडलेला नंबर, २०० रुपये. परदेशी कॉल १८० रुपये, कॉलर ट्यून ४० रुपये आणि मागचे बिल वेळेत न भरल्याबद्दल विलंब शुल्क १०० रुपये. बेरीज १,०७०. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे केंद्राचा ९ टक्के ९६.३० आणि राज्याचा ९ टक्के ९६.३०.

आता रकमेच्या ओळी पाहू. जोडलेला नंबर, कॉलर ट्यून आणि विलंब शुल्क यांचा निकाल यादी न उघडताच लागतो, तिन्ही घरच्या खात्यात. विलंब शुल्काबद्दल कोणी म्हणेल की कंपनीनेच मागचा क्लेम उशिरा दिला, म्हणून बिल थकले. तरीही ते क्लेममध्ये गुपचूप घालू नये. वेगळा अर्ज करून मागावे, कारण तो फोनच्या वापराचा खर्च नाही. राहिले परदेशी कॉल, आणि इथे मात्र यादी ओळीओळीने वाचावी लागते. यादीत तारीख, वेळ, लावलेला नंबर, कालावधी आणि रक्कम असे रकाने असतात. आपल्या अभियंत्याच्या यादीत अशा तीन ओळी आहेत. ४९ ने सुरू होणारा नंबर जर्मनीचा, तिथे सुट्या भागांचा पुरवठादार आहे. पहिला कॉल ४ मिनिटे १० सेकंदांचा, रक्कम ७५. दुसरा २ मिनिटे २० सेकंदांचा, रक्कम ४५. दर मिनिटाला १५ रुपये असेल तर चार मिनिटांचे साठच व्हायला हवेत, मग ७५ कसे? कारण इथे पल्स एका मिनिटाची आहे. पुढचे मिनिट सुरू झाले की ते पूर्ण धरले जाते, म्हणून पहिला कॉल पाच मिनिटांचा आणि दुसरा तीन मिनिटांचा झाला. तिसरी ओळ ९७१ ची, म्हणजे संयुक्त अरब अमिरातीची. दुबईतल्या बहिणीशी पावणेसहा मिनिटांच्या आत झालेले बोलणे, सहा पल्स, ६० रुपये. म्हणजे १८० पैकी १२० कामाचे आणि ६० घरचे. सेकंदांवरून स्वतः रक्कम काढायला जाऊ नये, बिलात छापलेली रक्कमच धरावी.

खरी मेहनत ५५० रुपयांच्या रेंटलवर. त्यासाठी शून्याच्या ओळी लागतात. तीनशे-साडेतीनशे ओळी बघून धीर खचतो, पण त्या कॉलनिहाय वाचायच्याच नाहीत. यादी एक्सेलमध्ये नेऊन नंबराच्या रकान्यावर क्रमवारी लावली की एकाच नंबरचे सगळे कॉल एकत्र येतात आणि कळते की माणूस महिनाभर चाळीसएक नंबरांशीच बोलत असतो. प्रत्येक नंबरपुढे एकदा ‘क’ किंवा ‘घ’ लिहायचे, कामाचा किंवा घरचा. कालावधी ‘ड’ऐवजी D रकान्यात आणि खूण E मध्ये असेल तर प्रमाण असे निघते:

```
=SUMIF(E2:E400,"क",D2:D400)/SUM(D2:D400)
```

उत्तराऐवजी `#DIV/0!` दिसले तर पीडीएफमधून आलेला कालावधी एक्सेलने आकडा न मानता मजकूर मानला आहे, असे समजावे. तो रकाना आधी वेळेच्या स्वरूपात बदलून घ्यावा लागतो. आपल्या अभियंत्याचे ७२८ मिनिटे कामाची निघाली, एकूण १,१२० पैकी. म्हणजे ६५ टक्के.

कॉलची संख्या न मोजता मिनिटे मोजावीत, असे माझे मत आहे. ‘पोहोचलो’ एवढे सांगणारे घरचे दहा कॉल आणि बिघडलेल्या पंपाबद्दल अर्धा तास चाललेला एक कॉल यांना एका पारड्यात तोलणे बरोबर नाही.

हे प्रमाण कितपत विश्वासाचे, हेही सांगायला हवे. आपल्या नेटवर्कवर असताना आलेले कॉल फुकट असतात, म्हणून ते सहसा यादीत नसतातच. ज्याला ग्राहकच फोन करतात, त्याचा कामाचा वाटा यादीत प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. व्हॉट्सॲपवरचे कॉलही कॉल म्हणून दिसत नाहीत, ते डेटात मिसळतात. आणि डेटाच्या ओळी तर जवळजवळ मुक्या. कोणत्या वेळी किती एमबी गेले एवढेच त्यात असते. त्या एमबी कंपनीच्या मेलवर गेल्या की घरी क्रिकेट बघण्यात, याचा पत्ता बिलातून लागत नाही.

डेटाचा पुरावा फोनमध्ये असतो. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये मोबाइल डेटाच्या वापराचे पान असते आणि तिथे अॅपनिहाय आकडे मिळतात. लॅपटॉपला हॉटस्पॉट दिला असेल तर त्याची ओळ वेगळी दिसते. मात्र हे आकडे कामाचे व्हावेत म्हणून त्याच पानावर महिन्याची सुरुवात बिलाच्या तारखेला, इथे १२ ला, आणून ठेवावी लागते. ती १ तारखेला राहिली तर फोनचा महिना आणि बिलाचा महिना जुळत नाहीत. आयफोनमध्ये हे आकडे आपोआप शून्यावर येत नाहीत, बिलाच्या तारखेला ते स्वतः रीसेट करावे लागतात. बिल तयार झाल्याच्या दिवशी या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवला की पुढे वाद राहत नाही.

कॉल आणि डेटा यांना किती वजन द्यायचे, हे मात्र कोणतेही बिल सांगत नाही. ते कंपनीशी बोलून ठरवायचे. मला योग्य वाटते ती पद्धत अशी: सुट्टी, मोठा दौरा किंवा घरचे लग्नकार्य नसलेल्या तीन साध्या महिन्यांची बिले मोजावीत, त्यांचे सरासरी प्रमाण अकाउंट्सकडून लेखी मान्य करून घ्यावे आणि काम किंवा प्लॅन बदलेपर्यंत तेच वापरावे. रकमेच्या ओळी मात्र दर महिन्याला नव्याने तपासाव्यात. त्यांना सरासरी चालत नाही.

आता आपल्या बिलाचा शेवटचा हिशेब. रेंटलच्या ५५० चे ६५ टक्के ३५७.५०. जर्मनीचे कॉल १२०. दोन्ही मिळून ४७७.५०. त्यावर १८ टक्के कर ८५.९५. क्लेम ५६३.४५ रुपये. घरचा भाग १९२.५० रेंटल, २०० जोडलेला नंबर, ६० दुबई, ४० कॉलर ट्यून आणि १०० विलंब शुल्क, म्हणजे ५९२.५०, करासह ६९९.१५. दोन्ही भागांची बेरीज १,२६२.६० येते का, हे पाहावे. आली, म्हणजे काही सुटलेले नाही आणि दोनदा धरलेलेही नाही. हाच ६५ टक्क्यांचा आकडा महिन्याच्या पूर्ण शुल्काला लावला असता तर ८२०.६९ झाले असते, म्हणजे पत्नीच्या नंबरचा आणि विलंब शुल्काचाही वाटा कंपनीच्या माथी.

सूट रेंटलमधून आधी वजा केली, हेही लक्षात घ्यावे. जे आपण भरलेच नाही ते मागता येत नाही. कर मात्र मागावा. बिल कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक नावावर आहे, त्यावर कंपनीचा जीएसटी क्रमांक नाही, त्यामुळे कंपनीला त्या कराचा परतावा आपल्या खात्यात घेता येत नाही. म्हणून कर वगळून क्लेम करण्याचे कारण उरत नाही. कंपनीने कमाल मर्यादा ठरवली असेल, समजा ५०० रुपये, तर ती करासहित की कराशिवाय हे एकदा विचारून घ्यावे.

क्लेमसोबत बिलाचा सारांश, पैसे भरल्याची पावती आणि कामाच्या परदेशी कॉलच्या ओळी एवढे पुरते. पूर्ण यादी मागितलीच तर त्यातले घरचे नंबर झाकून द्यावेत. डॉक्टर, वकील, नातेवाईक यांच्याशी आपण कधी आणि किती वेळ बोललो, हे कार्यालयाला कळण्याची गरज नाही. पण पीडीएफवर नुसती काळी चौकट ओढून भागत नाही. पुष्कळदा खालचा मजकूर तसाच राहतो आणि कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की वाचता येतो. पान छापून मार्करने खोडावे आणि पुन्हा स्कॅन करावे, किंवा झाकलेल्या पानाचे चित्र करून तेच पाठवावे.

चुकीच्या शुल्काबद्दल तक्रार केली असेल तर पुढच्या बिलात ‘समायोजन’ नावाची उणे रकमेची ओळ येते. जर्मनीचा ७५ रुपयांचा कॉल लागलाच नव्हता असे कंपनीने मान्य केले, तर ती ओळ अशीच दिसेल. त्या कॉलचे पैसे, करासह ८८.५० रुपये, आपण आधीच घेतलेले असतात. ते त्याच महिन्याच्या क्लेममधून वजा करून दाखवावेत.