खरवसावरची इमारत

कँटीनमध्ये एका ताटलीत बर्फी आणि दुसऱ्या ताटलीत खरवस घ्या. दोन्ही ताटल्या सारख्याच हलवा. बर्फी ताटलीबरोबर नुसती सरकते, खरवस मात्र तुमचा हात थांबला तरी थुलथुलत राहतो. आता त्या खरवसावर एक शहर उभं आहे असं समजा. ते शहर म्हणजे मेक्सिको सिटी.

१९ सप्टेंबर १९८५. भूकंप झाला पॅसिफिकच्या किनाऱ्यावर, शहरापासून तब्बल साडेतीनशे किलोमीटर दूर. एवढ्या अंतरात धक्का विरून जायला हवा होता ना? शहरातल्या खडकाळ भागात तसंच झालं. विद्यापीठाच्या परिसरातल्या यंत्रांवर हादरे तसे सौम्यच नोंदले गेले. पण काही किलोमीटरवरच्या मध्यवस्तीत जमीन त्याच्या चार-पाच पट जोरात हलली. शेकडो इमारती कोसळल्या, हजारो माणसं गेली.

कारण मध्यवस्ती वसली आहे एका जुन्या तलावाच्या तळावर. खाली पाण्याने फुगलेली चिकणमाती. कठीण खडकातून वेगाने आलेली लाट अशा मातीत शिरली की एकदम मंदावते. वेग गेला तरी ऊर्जा कुठे जाणार? मग लाटेची उंची वाढते, जमीन जास्त झुलते. शिवाय लाट वरचा पृष्ठभाग आणि खालचा कठीण थर यांच्यात अडकून वर-खाली आपटत राहते. म्हणून हादरे लांबतातही.

यातूनच मातीच्या थराला स्वतःचा एक ताल मिळतो. हिशोब सोपा आहे: थराची जाडी गुणिले चार, भागिले लाटेचा वेग. तिथे माती साधारण ४० मीटर आणि वेग सेकंदाला ८० मीटर धरा. उत्तर येतं २ सेकंद. म्हणजे एक झोका पूर्ण व्हायला दोन सेकंद.

इमारतीलाही ताल असतो. ढोबळमानाने दर मजल्याला सेकंदाचा दहावा भाग, म्हणजे दहा मजल्यांना एक सेकंद. मग दहा मजली इमारती सुटायला हव्या होत्या की! गोम अशी, की काँक्रीटला तडे गेले की इमारत ढिली होते आणि तिचा झोका लांबतो. एक सेकंदाचा दीड, मग दोन. झोपाळ्याला अचूक वेळी धक्का मिळत राहावा तसं झालं. सर्वाधिक मार बसला तो साधारण ६ ते १५ मजल्यांना. शेजारची बसकी, जुनी दगडी घरं बरीचशी टिकली. चाळीसहून जास्त मजल्यांचा ‘टोरे लॅटिनोअमेरिकाना’ टॉवरही उभाच राहिला.

म्हणून ‘उंच इमारत धोक्याची’ हे सरसकट खरं नाही. त्याच शहरात, त्याच तारखेला, २०१७ साली पुन्हा भूकंप झाला. या वेळी केंद्र बरंच जवळ होतं, त्यामुळे हादरे झपाट्याचे होते. जास्त फटका बसला तलावाच्या कडेकडेला, जिथे मातीचा थर पातळ आणि ताल जलद आहे. तिथे पडल्या त्या बहुतेक चार ते आठ मजली इमारती.