पाच गुण कुठे कुठे पडतात?

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १ चा पेपर ४० गुणांचा आणि दोन तासांचा असतो. त्यात शेवटी पाच गुणांचा मोठा प्रश्न येतो, दोनांपैकी एक सोडवायचा. या प्रश्नाच्या सरावासाठी शिक्षक मुलांना आदर्श उत्तरं लिहून देतात. हल्ली ती लिहिताना पाठ्यपुस्तकापेक्षा धड्याची पीपीटीच जास्त समोर असते. वर्गात तीच दाखवलेली असते, मुलांच्या ग्रुपवरही तीच गेलेली असते. मग स्लाइडवरच्या ओळी एकाखाली एक मांडल्या, प्रत्येकीपुढे एक गुण लिहिला, की उत्तर तयार झालं असं वाटतं. तसं ते होत नाही. का, ते एका प्रश्नावरून पाहू.

‘उष्णता’ हा धडा घ्या. प्रश्न असा: होपच्या उपकरणाच्या साहाय्याने पाण्याचे असंगत आचरण आकृतीसह स्पष्ट करा. पीपीटीत यासाठी साधारण तीन स्लाइड सापडतील. एकीवर व्याख्या, दुसरीवर उपकरणाचं चित्र, तिसरीवर आलेख आणि शेजारी दोन त्रोटक ओळी: ‘खालचे तापमान आधी ४ अंशांपर्यंत उतरते. वरचे नंतर ० अंशापर्यंत उतरते.’ ही स्लाइड समोर ठेवून शिक्षक वर्गात पाच मिनिटं बोलतात. ‘का उतरतं?’ हे त्या बोलण्यात असतं, स्लाइडवर नसतं. आणि प्रश्नातला शब्द आहे ‘स्पष्ट करा’. म्हणजे ज्या भागाला गुण जास्त, नेमका तोच पीपीटीतून गळलेला.

म्हणून आधी गुणांची वाटणी करायची आणि उत्तर नंतर लिहायचं. प्रश्नातले शब्द सुटे केले की मागण्या दिसतात. असंगत आचरण म्हणजे काय, हे सांगायला १ गुण. नावं दिलेल्या आकृतीला १. प्रयोगाची मांडणी आणि कृती यांना १. निरीक्षण आणि त्यामागचं कारण यांना दीड. आलेखावरून काढलेल्या निष्कर्षाला अर्धा. झाले पाच. पीपीटीत याच धड्याच्या अप्रकट उष्मा, पुनर्हिमायन, दवबिंदू यांच्याही सुंदर स्लाइड असतील. या प्रश्नात त्यांना शून्य गुण. कोरड्या वाटणाऱ्या कृतीच्या ओळीला मात्र पूर्ण गुण. स्लाइड किती सजलेली आहे यावर वाटणी ठरत नाही.

दीड गुणाच्या मुद्द्यावर जरा थांबायला हवं. होप यांनी एडिंबरोमध्ये हा प्रयोग केला, १८०५ साली त्यांचा निबंध छापून आला, आणि आजही तो समजावताना सगळी भिस्त एकाच गोष्टीवर असते: थंडावा मध्ये दिलेला आहे. उभट नळकांड्याच्या मध्याभोवती पसरट भांडं, त्यात बर्फ आणि मिठाचं गोठण मिश्रण. मधलं पाणी थंड होतं, आकुंचन पावतं, जड होऊन खाली बसतं. त्यामुळे खालचा तापमापी भराभर उतरतो, वरचा मागे राहतो. खालचं पाणी ४ अंशांवर आलं की तिथेच थांबतं. आता मधलं पाणी ४ अंशांच्याही खाली गेलं की प्रसरण पावतं, हलकं होतं आणि वर जातं. म्हणून पुढची पाळी वरच्या तापमापीची. तो ४ अंश ओलांडून शून्याकडे जातो. या साखळीला दोन टोकं आहेत, ४ अंशांपूर्वीचं आणि नंतरचं. गुणदानात ती वेगळी धरायची: पाऊण-पाऊण गुण देता येत नाहीत, तेव्हा पहिल्या भागाला अर्धा आणि दुसऱ्याला एक. असंगत वागणं दुसऱ्या भागातच आहे. पहिल्या भागात पाणी इतर द्रवांसारखंच वागतं.

आता उत्तर. कंसात गुण दिले आहेत.

‘पाणी ० अंश सेल्सिअसपासून ४ अंशांपर्यंत तापवल्यास प्रसरण न पावता आकुंचन पावते, ४ अंशांच्या पुढे ते प्रसरण पावते. ४ अंशांना पाण्याची घनता सर्वाधिक असते. यालाच पाण्याचे असंगत आचरण म्हणतात (१). [नामनिर्देशित आकृती: नळकांडे, पसरट भांडे, गोठण मिश्रण, वरचा व खालचा तापमापी] (१). नळकांड्यात पाणी भरतात, मध्यावरच्या भांड्यात बर्फ व मीठ यांचे मिश्रण ठेवतात आणि ठरावीक वेळाने दोन्ही तापमापींची नोंद घेतात (१). सुरुवातीला मधले पाणी थंड होऊन आकुंचन पावते, त्याची घनता वाढते व ते खाली जाते. म्हणून खालचे तापमान वेगाने घटून ४ अंशांवर स्थिरावते (½). त्यानंतर ४ अंशांखाली गेलेले मधले पाणी प्रसरण पावते, त्याची घनता कमी होते व ते वर जाते. म्हणून वरचे तापमान घटत ० अंशापर्यंत जाते (१). तापमान व वेळ यांच्या आलेखात दोन्ही रेषा ४ अंशांवर छेदतात, म्हणजे त्या तापमानाला घनता सर्वाधिक असते (½).’

हे मजकूर म्हणून जेमतेम सव्वाशे शब्द. दोन तासांत ४० गुण म्हणजे गुणामागे तीन मिनिटं, पाच गुणांना पंधरा. त्यात आकृती काढायची. दोन पानी ‘आदर्श उत्तर’ घरी छान दिसतं, पेपरात ते लिहून होत नाही.

दुसरी बाजू तपासणाऱ्याची. मुद्दा शब्दाने लिहिला की घोळ होतो. एखादीने ‘४ अंशांना आकारमान सर्वांत कमी’ असं लिहिलं तर तो ‘घनता सर्वाधिक’ याच मुद्द्याचा गुण आहे. योजनेत हे आधीच लिहून ठेवावं. तापमापींना कोणी उलटी नावं दिली, पण लेखनात वरचा-खालचा बरोबर सांगितला, तर फार तर आकृतीत अर्धा गुण कापावा. पुढे त्याच चुकीसाठी पुन्हा कापू नये. याउलट ‘पाणी थंड झालं की प्रसरण पावतं’ हे वाक्य ऐकायला जवळचं वाटतं, पण त्यात तापमानाची मर्यादाच नाही. त्याला गुण नाही. हायड्रोजन बंधाचं कारण कोणी लिहिलं तर ते चूक नाही, पण त्यासाठी वेगळा गुण ठेवलेला नाही. पीपीटी कुठून तरी उतरवलेली असली की अशी पुस्तकाबाहेरची माहिती हळूच उत्तरात शिरते. म्हणून मी प्रत्येक मुद्द्यासमोर पाठ्यपुस्तकाचा पान क्रमांक लिहायला सांगतो, स्लाइडचा नव्हे. ज्या मुद्द्याला पान सापडत नाही, त्याला गुण ठेवण्याआधी दोनदा विचार करावा लागतो.

योजना नीट जमली का, हे उत्तर पुन्हा वाचून कळत नाही. मुलांनी सरावात लिहिलेली चार उत्तरं घ्यावीत: एक उत्तम, एक मोडकं, दोन मधली. ती दोन शिक्षकांनी, एकमेकांना न विचारता, या योजनेने तपासावीत. उत्तम आणि मोडक्या उत्तरावर सहसा मतभेद होत नाहीत. मधल्या उत्तरांत अर्ध्या गुणापेक्षा जास्त फरक पडला तर फरक कोणत्या मुद्द्यावर आहे ते पाहावं. या प्रश्नात तो बहुधा शेवटच्या दोन मुद्द्यांवर येतो. मुलीने लिहिलेलं असतं, ‘शेवटी वरचं पाणी शून्यावर येतं आणि रेषा छेदतात.’ एक शिक्षक यात निरीक्षणाचा गुण आणि निष्कर्षाचा अर्धा असे दीड देतात, दुसरे फक्त अर्धा. वरच्या योजनेप्रमाणे दुसरे बरोबर: पाणी वर का आलं हे तिने लिहिलेलं नाही, आणि रेषा कोणत्या तापमानाला छेदतात हेही नाही, निरीक्षण मात्र खरं आहे. हा निवाडा योजनेत एका ओळीत नोंदवला, की पुढच्या वर्षी तोच वाद पुन्हा होत नाही.