सील फोडण्याआधी काढायचे फोटो

ऑनलाइन मागवलेली व्हिटॅमिनची बाटली हातात आली की बहुतेकजण आधी लेबल पाहतात. रंग जुळतो, लोगो जुळतो, मग निर्धास्त होतात. पण नकली माल करणाऱ्याला लेबल हीच सर्वांत सोपी गोष्ट असते. खऱ्या बाटलीचं लेबल स्कॅन केलं आणि बरा छापखाना मिळाला की त्याचं काम झालं. 2019 मध्ये अमेरिकेत प्रॉक्टर अँड गँबल कंपनीच्या ‘अलाइन’ या प्रोबायोटिकचा नकली माल ॲमेझॉनवरच्या त्रयस्थ विक्रेत्यांकडून विकला गेला होता. नकल उघडी पडते ती बहुधा लेबलाबाहेर, म्हणून फोटो तिथले काढायला हवेत.

समजा, कॅल्शियम आणि डी3 च्या गोळ्यांच्या एकाच ब्रँडच्या दोन बाटल्या समोर आहेत. एक गेल्या वर्षी ओळखीच्या औषधविक्रेत्याकडून बिलासह आणलेली, तळाशी चार गोळ्या उरलेली. दुसरी निम्म्या किमतीत कुरिअरने आलेली.

नव्या बाटलीचं झाकण काढा, पण आतल्या सीलला हात लावू नका. कारखान्यात झाकण लावलेली बाटली विद्युत कॉइलखालून जाते. कॉइलच्या चुंबकीय क्षेत्राने झाकणातली ॲल्युमिनियमची चकती तापते, तिच्या खालचा प्लास्टिकचा पातळ थर वितळतो आणि बाटलीच्या काठाला चिकटतो. त्यामुळे असं सील काठाच्या पूर्ण वर्तुळावर सारखं बसतं. हाताने चिकटवलेल्या सीलखाली गोंदाचे थेंब दिसतात, चकती एका बाजूला सरकलेली असते किंवा कड उचललेली असते. फोटो खिडकीच्या उजेडात, बाटली जरा कलती धरून काढा. फ्लॅश मारला की चकती चमकते आणि सुरकुती दिसेनाशी होते. सैल सील हा कारखान्यातला दोषही असू शकतो. पण कारण कोणतंही असो, अशी बाटली परतच करावी.

आता बॅच नंबर. माझ्या मते सगळ्यात बोलकी जागा हीच. लेबलं आधी हजारोंनी छापून ठेवलेली असतात; बॅच आणि तारीख मात्र भरणीच्या वेळी वेगळ्या यंत्राने उमटवतात. म्हणून ही अक्षरं बऱ्याचदा ठिपक्यांची, किंचित तिरकी असतात. लोकांना नेमकी त्याचीच शंका येते, पण ते स्वाभाविक आहे. उलट जुन्या बाटलीवर ठिपक्यांची तारीख असेल आणि नव्या बाटलीवर तीच बाकी मजकुराच्या शाईत, त्याच गुळगुळीत अक्षरांत असेल, तर लेबल तारखेसकट नकललेलं असण्याची शक्यता वाढते. दोन्ही फोटो शेजारी ठेवून आकडे वाचा. बॅच एकच, पण एक्स्पायरी वेगळी, असं दिसलं तर काहीतरी नक्की चुकलंय, कारण एका बॅचला एकच एक्स्पायरी असते. आकडे जुळले म्हणून माल खरा ठरत नाही. नकली बाटलीवर खराच नंबर उतरवून घेता येतो.

लेबलावर दोनच गोष्टी बघा. भारतात विकल्या जाणाऱ्या पूरक आहारावर एफएसएसएआयचा 14 अंकी परवाना क्रमांक लागतो. तो त्यांच्या फॉसकॉस संकेतस्थळावर टाकला की परवाना कोणाच्या नावावर आहे ते कळतं. परदेशी बाटली इथल्या विक्रेत्याने पाठवली असेल, तर आयातदाराचं नाव-पत्ता असलेला स्टिकर हवा. अमेरिकेहून भाच्याने बॅगेत आणलेल्या बाटलीवर तो नसणारच.

शेवटी गोळी. जुनी आणि नवी गोळी पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवा आणि उजेड एका बाजूने पडू द्या, म्हणजे कोरलेल्या अक्षरांच्या कडा सावलीने उठून दिसतात. अक्षराचं वळण, मधली रेघ, गोळीची जाडी ताडून पाहा. वरच्या लेपाने अक्षर थोडं बुजणं खऱ्या गोळीतही घडतं. अक्षराचा आकारच वेगळा असेल तर मात्र संशय घ्यावा. मुळात छाप नसणं हा पुरावा नव्हे. अमेरिकेत औषधी गोळीवर छाप सक्तीचा आहे, पूरक आहाराच्या गोळीवर नाही.

हे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साध्या फोटोचा आकार ॲप कमी करतं आणि ठिपक्यांचे आकडे पुसट होतात.

फोटोवरून बाटली खोटी आहे एवढं कधी कधी सांगता येतं. ती खरी आहे हे कधीच सांगता येत नाही. गोळीत लिहिलेलं कॅल्शियम आणि डी3 खरंच आहे की नाही, हे प्रयोगशाळेतच कळतं. संशय आला तर गोळी खाऊ नका, बाटली टाकून देऊ नका. बिल, बाटली आणि फोटो जपून ठेवा, बॅच नंबर कंपनीला कळवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवा.