सिलिंडरमध्ये गॅस किती उरला?

घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्यावरच छापलेले असते. खाली चार लोडसेलचा पाट ठेवला की उरलेला गॅस वजाबाकीने कळतो. लोडसेलचा व्होल्टेजमधला बदल अगदी क्षीण, म्हणून एचएक्स711 ही चिप तो वाढवून आकड्यात देते.

तो आकडा किलोत आणायला कॅलिब्रेशन हवे. समजा, रिकामा पाट 84,000 दाखवतो आणि 20 किलोचे वजन ठेवल्यावर 2,94,000. म्हणजे किलोला 10,500. सिलिंडर ठेवल्यावर आकडा 2,73,000 आला, तर वजन 18 किलो. छापील वजन 15.3 असेल, तर गॅस उरला 2.7 किलो.

खरी डोकेदुखी पुढे आहे. महिनाभर भार सोसणारा लोडसेल हळूहळू सरकतो, तापमानानेही आकडा हलतो. ओळखायची खूण सोपी: गॅस आपोआप वाढत नाही, त्यामुळे रात्रीतून वजन वाढले तर दोष मापाचा. (कधीकधी नुसती ताणलेली नळीही फसवते.) म्हणून सिलिंडर बदलताना रिकाम्या पाटाचा शून्य आकडा दर वेळी नव्याने नोंदवा.