डबीवरचा सूर्य, डबीवरची चंद्रकोर

एकाच कंपनीच्या दोन डब्या दुकानात शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. एकीवर सूर्य, दुसरीवर चंद्रकोर. आणि चंद्रकोरीची बहुधा महाग. या जोडीची कल्पना आजची नाही. १९१०च्या दशकात अमेरिकेत पॉन्ड्स कंपनीने आपली दोन क्रीम एकत्र विकायला सुरुवात केली: दिवसा व्हॅनिशिंग क्रीम, रात्री कोल्ड क्रीम. आपल्याकडे व्हॅनिशिंग क्रीमला सगळे ‘स्नो’ म्हणत. मुंबईच्या पाटणवालांचा ‘अफगाण स्नो’ त्याच घराण्यातला.

त्या काळी हा फरक खरा होता. स्नो म्हणजे मुख्यतः पाणी आणि स्टिअरिक आम्ल. चेहऱ्यावर चोळला की दिसेनासा व्हायचा आणि वर पावडर छान बसायची. कोल्ड क्रीम म्हणजे तेल आणि मेण. ते लावून उन्हात कोण फिरणार? धूळ चिकटायची, चेहरा चकाकायचा. म्हणून ते रात्रीचं. घड्याळाचा संबंध त्वचेपेक्षा चेहरा कसा दिसेल याच्याशी जास्त होता.

आता आजच्या दोन डब्यांची खोकी उलटी करा आणि घटकांची यादी वाचा. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहिणं भारतात कायद्याने बंधनकारक आहे. त्याखालचे कुठल्याही क्रमाने लिहिले तरी चालतात. ही सीमा ओळखायची एक खूण आहे. फिनॉक्सिइथेनॉल हे क्रीम टिकवणारं रसायन बऱ्याच डब्यांत असतं आणि ते एक टक्क्याहून जास्त घालता येत नाही. यादीत ते जिथे येईल, त्याच्या पुढचं सगळं एक टक्का किंवा त्याहून कमी. मोती, केशर, सोन्याची भस्मं बहुतेक वेळा तिथेच रांगेत उभी असतात.

यादीच्या सुरुवातीला मात्र दोन्ही डब्यांत ओळखीचीच मंडळी भेटतात. पाणी, मग ते धरून ठेवणारं ग्लिसरीन, त्वचा मऊ करणारं एखादं मेणचट अल्कोहोल (हे त्वचा कोरडी करणारं अल्कोहोल नव्हे), आणि पाणी उडून जाऊ नये म्हणून वर थर धरणारं डायमेथिकोन, शिया बटर किंवा पेट्रोलेटम. रात्रीच्या डबीत हे शेवटचे घटक जरा जास्त, म्हणून ती घट्ट. मॉइश्चरायझर म्हणून दोघींचं काम एकच.

मग ‘त्वचा रात्री स्वतःची दुरुस्ती करते’ या वाक्याचं काय? ते अगदीच खोटं नाही. त्वचेलाही दिवसरात्रीची लय असते. चेहऱ्याचा तेलकटपणा दुपारच्या सुमारास सर्वांत जास्त असतो, आणि त्वचेतून नकळत उडून जाणाऱ्या पाण्याचं प्रमाण संध्याकाळनंतर वाढतं. त्यामुळे कोरड्या त्वचेला झोपताना थोडं जाड क्रीम मानवतं. पण एवढ्यावरून वेगळी डबी लागतेच असं ठरत नाही. तेच क्रीम रात्री जरा जास्त लावलं तरी भागतं.

खरे फरक दोनच. पहिला रात्रीच्या डबीत: रेटिनॉल किंवा ग्लायकोलिक आम्लासारखे घटक. रेटिनॉल उजेडात विघटित होतं. ग्लायकोलिक आम्लाने त्वचा उन्हाला हळवी होते आणि ते थांबवल्यावरही हा हळवेपणा लगेच जात नाही. म्हणून अशी डबी सकाळी वापरू नये, आणि ती रात्री वापरत असाल तर दिवसा सनस्क्रीन टाळू नये. गरोदर असताना किंवा तसा विचार असताना रेटिनॉल नकोच.

दुसरा फरक दिवसाच्या डबीत, आणि घोळ खरा तिथेच आहे. डबीवर ‘एसपीएफ ३०’ लिहिलेलं असतं. हा आकडा प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावून मिळवलेला असतो. त्या हिशेबाने नुसत्या चेहऱ्याला साधारण १.२ ग्रॅम लागतं, म्हणजे पाव चमचा. गळा आणि मान धरली तर आणखी.

समजा, पुण्यातली एक शिक्षिका रोज सकाळी असं डे क्रीम लावून शाळेत जाते आणि तिची ५० ग्रॅमची डबी तीन महिने पुरते. भागाकार केला तर दिवसाला साधारण ०.५५ ग्रॅम आले. चेहऱ्यापुरतंही हे निम्म्याहून कमी. खोक्यावर ३० छापलं असलं तरी तिच्या चेहऱ्यावर ते ३० नाहीत. पुरेसं लावलं असतं तर डबी जेमतेम सहा आठवडे टिकली असती. यात तिची चूक नाही. मॉइश्चरायझर म्हणून ०.५५ ग्रॅम भरपूर होतं, आणि पाव चमचा जाड क्रीम चेहऱ्यावर थापायला कुणालाही नको वाटतं. लिव्हरपूल विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: एसपीएफ असलेलं मॉइश्चरायझर लावताना लोकांकडून चेहऱ्याचा साधारण १७ टक्के भाग सुटत होता, सनस्क्रीन लावताना ११ टक्के. पापण्या विशेष सुटत होत्या.

म्हणून माझं मत असं: सूर्याची डबी दोन कामं एकदम करायला जाते आणि त्यातलं महत्त्वाचं काम अर्धवट ठेवते. साधं, सुगंध नसलेलं एक मॉइश्चरायझर सकाळ-संध्याकाळ वापरावं आणि सकाळी त्यावर वेगळं सनस्क्रीन, दोन बोटं भरून. दिवसभर घरात, खिडकीपासून लांब बसणाऱ्याला डे क्रीमही चालेल. पण एसटीच्या थांब्यावर उभं राहणाऱ्याने किंवा स्कूटरवरून फिरणाऱ्याने त्यावर विसंबू नये. वांग असेल तर लोह ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन बरं, कारण वांग दृश्य प्रकाशानेही गडद होतो.

एकच डबी जमते आहे की नाही, हे चेहराच सांगतो. सकाळी सनस्क्रीन चोळताना पांढऱ्या बारीक वळ्या निघू लागल्या, तर खालचं क्रीम जड आहे किंवा जास्त झालं आहे. ते कमी करावं, काही मिनिटं थांबून मग सनस्क्रीन लावावं. दुपारपर्यंत कपाळ तेलाने चकाकत असेल, तर सकाळचं मॉइश्चरायझर गाळूनच टाकावं. सनस्क्रीनचा आधारही बहुधा क्रीमच असतो. मुंबईच्या दमट हवेत तेलकट त्वचेला तेवढं पुरतं. उलट तोंड धुतल्यावर थोड्याच वेळात गाल ताणल्यासारखे होत असतील, तर डबी हलकी पडते आहे. नागपूरच्या डिसेंबरात हे हमखास होतं. तेव्हाही नवी नाइट क्रीम आणायची गरज नाही. त्याच मॉइश्चरायझरवर, त्वचा किंचित ओली असताना, गालांवर आणि ओठांभोवती पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात फिरवावा. मुरुमांची सवय असलेल्यांनी मात्र कपाळ आणि नाक तेवढं सोडावं.

वेगळी रात्रीची डबी कुणाला हवी? ज्यांना रेटिनॉल वापरायचं आहे त्यांना. त्यातही रेटिनॉल वेगळं घेऊन आपल्या नेहमीच्या मॉइश्चरायझरखाली लावणं मला जास्त पटतं. सुरुवातीला आठवड्यातून दोन रात्री, वाटाण्याएवढं. त्वचा लाल झाली, सालं निघू लागली तर काही दिवस फक्त ते थांबवता येतं आणि मॉइश्चरायझर चालू राहतं. सगळं एकाच डबीत कालवलेलं असेल, तर नेमकी ज्या दिवसांत मॉइश्चरायझरची सर्वांत जास्त गरज असते, त्याच दिवसांत तेही बंद करावं लागतं.